गोळी, चाचणी आणि माझ्या वाट्याचं काम

माझ्या जुन्या सीव्हीतली पहिली ओळ अशी होती: 'हायड्रोफिलिक मॅट्रिक्स आधारित एक्स्टेंडेड रिलीज गोळ्यांचं फॉर्म्युलेशन, डिसोल्यूशन मेथड डेव्हलपमेंट, आयव्हीआयव्हीसी, स्केल-अप, टेक ट्रान्सफर, बायोइक्विव्हॅलन्स सपोर्ट.' औषध कंपनीतल्या आमच्या फॉर्म्युलेशन, म्हणजे गोळीची घडण ठरवणाऱ्या, विभागात एकमेकांचे सीव्ही बघून सीव्ही बनायचे, त्यामुळे सगळ्यांची पहिली ओळ साधारण अशीच असायची. फॉर्म्युलेशनच्या माणसाला ती वाचून माझ्याबद्दल बरंच कळायचं. पण मला आता प्रयोगशाळेतून बाहेर पडून प्रकल्प-व्यवस्थापनात जायचं होतं, आणि तिथे निवड करणारी माणसं वित्त, विपणन किंवा मनुष्यबळ विभागातली असतात.

माझी एक मैत्रीण वेगळ्याच उद्योगात अशा जागांसाठी माणसं निवडते. तिला सीव्ही पाठवला आणि एवढंच सांगितलं, की वाचून झाल्यावर मी काय केलं ते तू मला तुझ्या शब्दांत सांग. ती म्हणाली, "तू गोळ्या बनवतेस, मग त्या माणसांवर तपासतेस, आणि लोक बरे झाले की तो बायो-काहीतरी अहवाल येतो. बरोबर?"

एका वाक्यात चार गोष्टी चुकल्या होत्या. मी माणसांवर काही तपासत नाही. त्या अभ्यासात कोणी आजारी नसतं. त्यामुळे बरं होण्याचा प्रश्नच येत नाही. आणि अहवाल मी लिहीत नाही. दोष तिचा नव्हता, पानावर जे होतं त्यातून तिला एवढंच बांधता आलं. मी कठीण शब्दांचे अर्थ कंसात लिहून पाहिले, तर ओळ लांबली आणि तिचा गैरसमज तसाच राहिला. शब्द कळले तरी माझं काम नेमकं कुठे सुरू झालं, कुठे संपलं आणि त्यावर पुढे कोणता निर्णय उभा राहिला, हे त्या ओळीत नव्हतंच.

मग सगळी कामं बाजूला ठेवून एकच प्रकल्प घेतला आणि तो मैत्रिणीला तोंडी सांगितला. गोपनीयतेमुळे औषधाचं नाव इथे देता येत नाही आणि आकडेही थोडे बदलले आहेत, घडण मात्र तीच आहे.

दिवसातून एकदाच घ्यायची, औषध हळूहळू सोडणारी एक गोळी बाजारात आधीपासून होती. तिच्या तोडीची आमची गोळी करायची होती. अशा गोळीत औषधासोबत एचपीएमसी नावाचा पॉलिमर असतो. पाणी लागलं की तो फुगतो, गोळीभोवती जेलचा थर तयार होतो, आणि औषध त्या थरातून झिरपत बाहेर येतं. थर बाहेरून साबणाच्या वडीसारखा झिजतही असतो. झिरपणं आणि झिजणं मिळून औषध सुटण्याचा वेग ठरतो.

हा वेग प्रयोगशाळेत मोजायची नेहमीची पद्धत म्हणजे पॅडल. काचेच्या भांड्यात ३७ अंश सेल्सियसला ९०० मिलिलिटर द्रव, वर मिनिटाला ५० फेरे घेणारं वल्हं, तळाशी गोळी. ठराविक तासांनी थोडं द्रव काढून त्यात किती औषध उतरलं ते बघायचं. आमची गोळी आणि मूळ गोळी यांचे आलेख एकमेकांच्या किती जवळ आहेत ते एफ-टू नावाच्या एका आकड्यात सांगतात. तो ५० ते १०० मध्ये आला की दोन्ही सारख्या धरतात. ५० म्हणजे प्रत्येक वेळी सरासरी दहा टक्क्यांचा फरक. आमचा ६८ होता, म्हणजे चांगलाच.

त्यानंतर १२ निरोगी स्वयंसेवकांवर छोटा प्राथमिक अभ्यास झाला. प्रत्येकाला एकदा आमची गोळी, मधे औषध शरीरातून पूर्ण जाईपर्यंत थांबून एकदा मूळ गोळी, आणि प्रत्येक वेळी रक्ताचे नमुने. उपाशीपोटी सगळं ठीक होतं. जेवणानंतर मात्र रक्तातलं औषधाचं सर्वोच्च प्रमाण, म्हणजे सीमॅक्स, मूळ गोळीच्या १२१ टक्के निघालं आणि त्याचा ९० टक्के विश्वासांतराल, म्हणजे खरं प्रमाण ज्या पट्ट्यात असावं असं धरतात तो, १०८ ते १३६ असा आला. समतुल्य ठरायला हा पूर्ण पट्टा ८० ते १२५ च्या आत बसावा लागतो. एकूण शोषण मात्र जवळपास सारखंच होतं. म्हणजे औषध शरीरात तेवढंच जात होतं, पण जेवणानंतर लवकर सुटत होतं.

इथे मैत्रिणीने मला थांबवलं. "मग तुमचं ते पॅडल काय बघत होतं?"

प्रश्न अगदी नेमका होता, आणि सीव्हीतल्या नव्या परिच्छेदाची सुरुवात मला त्यातूनच मिळाली. पॅडलच्या भांड्यात गोळी तळाशी वल्ह्याच्या खाली पडून राहते, तिथे द्रव फारसा हलत नाही. थर कितीही मऊ असला तरी त्याला धक्का बसत नाही. भरल्या पोटात जठराचं आकुंचन-प्रसरण तासन् तास चालतं आणि तो थर घासला जातो. आम्ही कमी चिकटपणाचा एचपीएमसी वापरला होता आणि त्याचा थर मऊ होता. शांत पाण्यात दोन्ही गोळ्या सारख्या वागत होत्या, घासल्यावर आमची लवकर झिजत होती.

मग मी रेसिप्रोकेटिंग सिलिंडर नावाच्या उपकरणावर चाचणी बसवली. त्यात गोळी दोन्ही टोकांना जाळी असलेल्या नळीत असते, नळी द्रवात वर-खाली होते आणि वेगवेगळ्या आम्लतेच्या भांड्यांतून पुढे सरकते. मंद गतीला दोन्ही गोळ्या पुन्हा सारख्याच दिसल्या. गती वाढवली तेव्हा वेगळ्या पडल्या, आणि आमची पुढे गेली, रक्तात दिसली होती तशीच. तोवर मला माझ्या चाचणीवरही पुरता विश्वास नव्हता. नंतर पॉलिमरचा काही भाग जास्त चिकटपणाच्या प्रकाराने बदलला, जास्त गतीलाही आलेख मूळ गोळीवर येऊन बसला, आणि तीच गोळी मुख्य अभ्यासाला गेली. २८ स्वयंसेवकांमध्ये जेवणानंतरच्या सीमॅक्सचा पट्टा ९७ ते ११२ आला. नोंदणीच्या अर्जात हीच गोळी गेली.

हे सगळं बोलून झाल्यावर मैत्रीण म्हणाली, "हे लिही ना. हे कुठे आहे तुझ्या कागदावर?" कागदावर ते 'बायोइक्विव्हॅलन्स सपोर्ट' या दोन शब्दांत होतं.

लिहायला बसल्यावर सगळ्यांत जास्त वेळ क्रियापदांनी खाल्ला. या कामात बरेच हात होते. अभ्यासाचा आराखडा क्लिनिकल फार्माकॉलॉजीच्या गटाने केला, नैतिकता समितीने तो मंजूर केला, स्वयंसेवकांची सगळी व्यवस्था एका बाहेरच्या संशोधन संस्थेने बघितली, रक्तातलं औषध जैवविश्लेषण प्रयोगशाळेने मोजलं आणि पट्टे संख्याशास्त्रज्ञाने काढले. माझ्या वाट्याला आलं ते गोळी बनवणं, निकालाच्या बैठकीत फरक कुठून येत असावा याचा अंदाज मांडणं, तो पकडणारी चाचणी उभी करणं आणि गोळी बदलणं. 'अभ्यासाचं नेतृत्व केलं' असं लिहिणारे मी पाहिले आहेत. प्रयोगशाळेबाहेरच्या वाचकाला ते भारीही वाटतं. पण निवड-समितीत कधी एखादा क्लिनिकलचा माणूसही असतो. तो विचारतो की प्रतिकूल घटनांची नोंद कोण बघत होतं, आणि तिथे बोलणं अडतं.

शेवटी परिच्छेद असा झाला:

'औषध हळू सोडणारी आमची गोळी जेवणानंतर घेतल्यास अपेक्षेपेक्षा लवकर औषध सोडते, हे १२ जणांच्या प्राथमिक अभ्यासात दिसलं. नेहमीच्या प्रयोगशाळा-चाचणीत हा फरक दिसत नव्हता. तो दाखवणारी चाचणी मी उभी केली आणि तिच्या आधारे मुख्य अभ्यासापूर्वी गोळीची घडण बदलली. बदललेली गोळी मुख्य अभ्यासात मूळ औषधाशी समतुल्य ठरली आणि नोंदणीसाठी तीच दाखल झाली. अभ्यासाचं नियोजन व संचालन क्लिनिकल गटाचं होतं.'

शेवटचं वाक्य काढून टाक, असं मला दोघांनी सुचवलं. त्याने माझं काम लहान दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मी ते ठेवलं. माझ्या मते त्यामुळे आधीच्या चार वाक्यांवर विश्वास बसतो. शिवाय प्रकल्प-व्यवस्थापनात कोणाचं काम कुठे संपतं हे माहीत असलेलाच माणूस लागतो.

प्राथमिक अभ्यास फसला हे लिहायचं की नाही, यावर मात्र मी बराच विचार केला. बाहेरच्या माणसाला 'मानवी अभ्यासात अपयश' हे शब्द भीतिदायक वाटतात. त्याच्या मनात येतं की कोणाला काही झालं का. प्रत्यक्षात प्राथमिक अभ्यास अशा गोष्टी लवकर कळाव्यात म्हणूनच करतात. हाच फरक मुख्य अभ्यासात निघाला असता तर मोठा अभ्यास वाया गेला असता आणि दाखल करण्याची तारीख बरीच पुढे गेली असती. म्हणून 'अपयश' हा शब्द टाळला, 'दिसलं' लिहिलं, आणि घटना होती तशी ठेवली. ती वगळली असती तर 'मी चाचणी उभी केली' या वाक्याला कारणच उरलं नसतं.

पैशाचा आकडाही घालावा, असा सल्ला मिळाला: 'इतके वाचवले' असा. माझ्याकडे तसा प्रामाणिक आकडा नव्हता. न झालेल्या अभ्यासाचा खर्च वाचलेला धरायचा, तर तो बिघडला असताच असं आधी गृहीत धरावं लागतं. आणि वाचलं ते एकट्या माझ्यामुळे, असंही. त्यापेक्षा 'मुख्य अभ्यासापूर्वी' हे शब्द पुरेसे होते. वित्त विभागातला माणूस त्यावरून हिशोब स्वतः करतो, आणि त्याने केलेला हिशोब त्याला जास्त पटतो.

'आयव्हीआयव्हीसी' मी पूर्ण काढलं. प्रयोगशाळेतल्या आलेखावरून रक्तातला आलेख सांगता येणं, असा त्याचा अर्थ. त्यासाठी वेगवेगळ्या वेगाने औषध सोडणाऱ्या किमान दोन, शक्यतो तीन गोळ्यांचा मानवी डेटा लागतो, आणि अंदाजातली चूक सरासरी १० टक्क्यांच्या आत असावी लागते. आम्ही दोन गोळ्यांचा क्रम बरोबर ओळखला होता, एवढंच. ते उपयोगी होतं, पण त्याला ते नाव शोभत नव्हतं.

मसुदा मी आधीच्या कंपनीच्या कायदा विभागाला दाखवला. औषधाचा गट ओळखता येईल असा एक शब्द आणि सीमॅक्सचे आकडे त्यांनी काढायला सांगितले. स्वयंसेवकांची संख्या राहिली. आकडे गेल्यावर परिच्छेद हलका होईल अशी मला धास्ती होती, पण बाहेरच्या वाचकाला १२१ टक्क्यांचं काहीच वाटत नव्हतं. त्याला हवं होतं ते 'दिसलं, पकडलं, बदललं, समतुल्य ठरलं' या साखळीत आलेलं होतं.

आता शोधनिबंध. जुन्या सीव्हीत त्यांनीच दीड पान घेतलं होतं: पूर्ण नावं, खंड, अंक, पृष्ठं आणि प्रत्येकापुढे नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर. तो आकडा मी आधी पुसला. मागच्या दोन वर्षांत नियतकालिकात आलेल्या लेखांचा एका वर्षात सरासरी किती वेळा उल्लेख झाला, एवढंच तो सांगतो. माझा निबंध कोणी वाचला का, हे त्यातून कळत नाही. न कळणाऱ्याला तो गूढ वाटतो आणि कळणाऱ्याला त्यात बढाई दिसते.

मैत्रिणीने यादी पाहून विचारलं, "यात तुझं नाव सातवं आहे, इथे पहिलं. चांगलं कोणतं?" आमच्या क्षेत्रात पहिलं नाव बहुधा ज्याने प्रत्यक्ष काम केलं आणि लिहिलं त्याचं असतं, शेवटचं बहुधा गट चालवणाऱ्याचं, आणि मधली नावं बाहेरच्या वाचकाला काहीच सांगत नाहीत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष मात्र सगळ्यांना सारखेच लागू असतात: कामात ठोस वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यावर बौद्धिक काम करणं, अंतिम प्रतीला संमती आणि मजकुराची जबाबदारी. आता बरीच नियतकालिकं कोणी काय केलं हे निबंधाच्या शेवटी छापतात. मी तीच छापील विधानं उघडली आणि माझ्या नावापुढे जे होतं ते सीव्हीत उतरवलं. एका चाचणीच्या निबंधात गोळ्यांचा पुरवठा केल्याबद्दल माझं नाव फक्त आभारात होतं. तो निबंध यादीतून गेला.

शेवटी तीनच राहिले. प्रत्येकाला दोन ओळी दिल्या: प्रश्न काय होता आणि उत्तर काय निघालं. संदर्भाचा तपशील खाली बारीक अक्षरात, डीओआयसह. संपूर्ण यादी एका दुव्यावर ठेवली. ज्याला हवी तो उघडेल.

यातला एक निबंध त्या सिलिंडरच्या चाचणीवर होता, आणि त्याने एक गुंता केला. कंपन्या बऱ्याचदा अशी पद्धत प्रसिद्ध करताना स्वतःचं औषध वापरत नाहीत. पाण्यात सहज विरघळणारं, सगळ्यांना माहीत असलेलं एखादं जुनं औषध नमुना म्हणून घेतात. आमच्या निबंधातही तसंच होतं. निबंध वाचून प्रकल्प ओळखता येत नव्हता, आणि सीव्हीत 'याच प्रकल्पातून हा निबंध आला' असं लिहिलं असतं तर तो ओळखता आला असता. कायदा विभागाच्या नजरेतून हे सुटलं होतं. मी दोन्ही गोष्टी वेगळ्या शीर्षकांखाली ठेवल्या आणि त्यांच्यात दुवा दिला नाही. वाचणाऱ्याला माझं काम तुकड्यांत दिसतं, ही त्याची किंमत.

पेटंटचं तसं नव्हतं. पेटंटचा अर्ज साधारण पहिल्या दाखल-तारखेपासून १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि आमचा झाला होता. त्यात पॉलिमरच्या मिश्रणाच्या मर्यादा छापलेल्या होत्या, त्यामुळे त्याबद्दल मोकळेपणाने लिहिता आलं. फक्त 'पेटंट' एवढाच शब्द बाहेरच्या माणसाला मंजूर झालेला हक्क वाटतो, म्हणून 'अर्ज प्रसिद्ध, मंजुरी बाकी, सहसंशोधक' असं लिहिलं.

नवा कागद मैत्रिणीला पुन्हा दिला, प्रश्न तोच. ती म्हणाली, "तुमची नेहमीची तपासणी एक गोष्ट बघत नव्हती. तू ती बघणारी तपासणी बनवलीस, म्हणून मोठा अभ्यास बिघडला नाही." मी तिला विचारलं, लोक बरे झाले का? "ते यात कुठे आहे? दोन गोळ्या सारख्या आहेत का, एवढंच तर बघत होते." मग मात्र मी कागद पाठवून दिला.

मुलाखतीला समोर तिघं होते: मनुष्यबळ विभागाच्या बाई, वित्त विभागाचे प्रमुख आणि एक वयस्कर फॉर्म्युलेशनवाले. त्या तिसऱ्या गृहस्थांनी लगेच विचारलं, "नळीची गती किती ठेवली होतीत, आणि ती ठरवली कशावरून?" मी सांगितलं, की पोटाच्या हालचालीवरून ती काढलेली नव्हती. ज्या गतीला दोन गोळ्या रक्तातल्यासारख्याच क्रमाने वेगळ्या पडल्या ती घेतली, आणि मग नव्या गोळीबद्दल मुख्य अभ्यासापूर्वी अंदाज लिहून ठेवला. ते म्हणाले, "म्हणजे दोनच बिंदूंवर बसवलेली." मी हो म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं बोलणं वित्तवाल्यांकडे दिलं.

वित्तप्रमुखांनी कागदावरच्या 'मुख्य अभ्यासापूर्वी' या शब्दांवर बोट ठेवलं. "प्राथमिक अभ्यासाच्याही आधी हे कळू शकलं असतं का? आणि मग ही चाचणी तुम्ही प्रत्येक गोळीवर का करत नाही?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं, थोडंफार. जेलचा थर मऊ आहे हे हाताला जाणवत होतं, पण त्यावरून रक्तात किती फरक पडेल ते सांगता आलं नसतं. दुसऱ्या प्रश्नावर आम्ही बराच वेळ बोललो. हे उपकरण फार ठिकाणी नसतं. एका फेरीत ठराविकच गोळ्या बसतात, आणि बऱ्याच औषधांना या चाचणीची गरजच नसते. जेवणाने मूळ औषधाच्या शोषणात मुळात फरक पडतो का, आपली गोळी झिजून औषध सोडते की फक्त झिरपून, आणि पॉलिमर किती चिकट आहे, एवढं बघून मी गोळ्यांची रांग लावली असती. झिजणाऱ्या आधी, झिरपणाऱ्या नंतर, आणि लगेच विरघळणाऱ्या गोळ्या या रांगेत घेतल्याच नसत्या. त्यांनी त्यांच्याकडच्या चार प्रकल्पांचं वर्णन नावं न घेता केलं आणि मला त्यांचा क्रम लावायला सांगितलं. तिसऱ्याला पॉलिमर कोणता वापरता, असं मी विचारलं, तेव्हा ते फॉर्म्युलेशनवाले हसून म्हणाले, "तेच आम्ही अजून ठरवतोय."